जुना संगणक देण्यापूर्वी : तबकडीचे शोधन आणि राखून ठेवावयाचे भाग

औषधांच्या काउंटरवर बिले करण्यासाठी २०२१ साली आम्ही एक वापरलेला डेस्कटॉप संगणक विकत घेतला. विक्रेत्याने तो 'फॉरमॅट मारून, नवे विंडोज टाकून' दिला होता. C आणि D हे दोन्ही विभाग रिकामे दिसत होते, त्यामुळे आम्हीही निश्चिंत होतो. पहिल्याच पंधरवड्यात आमच्या सहायकाच्या हातून बिलांचा एक फोल्डर पुसला गेला. तो परत मिळविण्यासाठी आम्ही Recuva नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर चालविले. तासाभराने पडद्यावर यादी आली. तीत आमची बिले होतीच, पण त्यांच्याखाली कित्येक छायाचित्रेही होती. भगंदर आणि अर्शाचे रुग्ण, क्षारसूत्र बांधण्यापूर्वीची अवस्था, तिसऱ्या सप्ताहातील अवस्था, व्रण भरल्यानंतरची अवस्था. बहुतेक फाइलींच्या नावात रुग्णाचे नाव आणि तारीख घातलेली होती. एका फाइलीत लेटरहेडही होते, त्यामुळे संगणक पूर्वी कोणाचा होता हे कळण्यास वेळ लागला नाही.

आम्ही त्या वैद्यांना दूरध्वनी केला. ते ज्येष्ठ आहेत, आणि रुग्णाविषयी चार लोकांत अवाक्षर न काढणारे म्हणून परिचितांत त्यांची ख्याती आहे. ते काही क्षण स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "अहो, मी तर स्वतः बसून सगळे डिलीट केले होते. रीसायकल बिनसुद्धा रिकामे केले होते." त्यांनी सांगितले त्यात काही खोटे नव्हते. तरीही सर्व छायाचित्रे जागच्या जागी होती. असे का होते, आणि तसे होऊ नये म्हणून काय करावे, हे आमच्याच चिकित्सालयातील एका संगणकाच्या उदाहरणाने येथे मांडीत आहोत.

पुसले म्हणजे काय होते?

हार्ड डिस्कवर फाइलीतील मजकूर एके ठिकाणी असतो आणि तो कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका दुसऱ्या ठिकाणी असते. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा संगणक अनुक्रमणिकेत एवढीच खूण करतो की ही जागा आता मोकळी समजावी. मजकुराला तो हातही लावीत नाही. त्या जागेवर पुढे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तसाच राहतो. ग्रंथालयातील कार्ड फाडून टाकले म्हणून कपाटातील ग्रंथ नाहीसा होत नाही, त्यातला हा प्रकार. वैद्यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर डिलीट हे शमन आहे. लक्षण दिसेनासे झाले, दोष कोष्ठातच राहिला.

फॉरमॅटचेही बहुधा असेच असते. 'क्विक फॉरमॅट' केवळ कोरी अनुक्रमणिका मांडतो. विंडोज नव्याने बसविताना पडद्यावर जे फॉरमॅटचे बटण येते तेही क्विक फॉरमॅटच करते, आणि संगणक दुरुस्त करणारे तंत्रज्ञ नेहमी तेच वापरतात. त्यानंतर नवे विंडोज वीस-पंचवीस जीबी जागा व्यापते. तेवढ्या जागेवरचा जुना मजकूर खरोखर नष्ट होतो, उरलेला शाबूत राहतो. त्यातही आपल्याकडे डिस्कचे C, D, E असे विभाग पाडून घेण्याची चाल आहे. 'फॉरमॅट मारला' याचा अर्थ पुष्कळदा C पुरता मर्यादित असतो आणि आपल्या स्कॅन केलेल्या फाइली तर D मध्ये असतात. आम्ही विकत घेतलेल्या संगणकात दोन्ही विभाग फॉरमॅट केलेले होते, पण दोन्ही क्विक.

मजकूर खऱ्या अर्थाने घालवावयाचा तर त्या जागेवर दुसरे काहीतरी लिहावे लागते. डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्ये लिहिणे हा त्याचा सर्वांत साधा मार्ग. हे कितीदा करावे, याविषयी मात्र बराच गैरसमज आढळतो. पस्तीस वेळा लिहावे लागते असे सांगणारे भेटतात. ती संख्या पीटर गुटमन यांच्या १९९६ मधील एका निबंधातून आली आणि त्या काळापर्यंतच्या निरनिराळ्या जुन्या डिस्कांच्या लेखनपद्धतींना उद्देशून होती. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत चुंबकीय डिस्कसाठी एकदा लिहिणे सर्वसाधारणतः पुरेसे मानले आहे. तेव्हा एकदाच, पण संपूर्ण डिस्कवर, हे आपले सूत्र असावे.

आमच्या संगणकाची हकीकत

आमच्या चिकित्सालयातील हा डेस्कटॉप २०१३ चा. तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर-३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०१८ मध्ये तो फार मंद चालू लागला म्हणून तंत्रज्ञाकडून २४० जीबीची एसएसडी बसवून घेतली. विंडोज १० चा अद्ययावतीकरणाचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे रुग्णनोंदींसाठी नवा संगणक घेणे भाग पडले. जुना संगणक आमच्या कंपाउंडरांच्या मुलीस, जी यंदा अकरावीत आहे, द्यावयाचे ठरले. घरची मुलगी, तिला देताना एवढा सोपस्कार कशाला, असा प्रश्न घरात निघालाच. परंतु ती ज्या वस्तीत राहते तेथील पुष्कळ कुटुंबे आमचेच रुग्ण आहेत. परक्या गावच्या ग्राहकापेक्षा येथे अधिक दक्षता हवी, असे आमचे मत पडले.

पुसण्याआधी राखणे. हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरचा फोल्डर नुसता उचलून दुसरीकडे ठेवला तर ती प्रत अपुरी राहू शकते, कारण सॉफ्टवेअर चालू असताना त्यातील काही फाइली उघड्या असतात. म्हणून सॉफ्टवेअरमधलीच बॅकअपची सोय वापरावी. अशा दोन प्रती आम्ही दोन वेगळ्या बाह्य डिस्कांवर घेतल्या, नव्या संगणकावर त्या पुन्हा चढविल्या, आणि २०१४, २०१९ व २०२४ मधील एकेक रुग्ण उघडून पाहिला. २०१४ च्या रुग्णाची नोंद आली, पण तिला जोडलेला स्कॅन उघडेना. शोध घेता कळले की स्कॅन केलेली चित्रे सॉफ्टवेअर D विभागातील वेगळ्या फोल्डरात ठेवीत होते आणि बॅकअपमध्ये ती येतच नव्हती. ही पडताळणी न करता डिस्क पुसली असती तर पाच वर्षांची चित्रे कायमची गेली असती. बॅकअप घेतला असे म्हणण्याचा अधिकार तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्यावरच येतो.

औषधविक्रेत्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या व नोंदी त्या त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात, त्यामुळे सहा-सात वर्षांपूर्वीची बिले 'जुनी झाली' म्हणून संगणकासह जाऊ देता येत नाहीत. दुसरे, टॅली किंवा तत्सम सॉफ्टवेअरचा परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो. टॅलीमध्ये तो पुसण्यापूर्वी 'सरेंडर' करावा, म्हणजे नव्या संगणकावर घेता येतो. डिस्क कोरी झाल्यावर हे आठवले तर त्या कंपनीच्या मदत केंद्राशी पत्रव्यवहार करीत बसावे लागते. ब्राउझर व ई-मेल यांतूनही बाहेर पडून घ्यावे.

हार्ड डिस्क : शून्ये लिहिणे

संगणक बंद करून, वीज काढून, आम्ही त्याची बाजूची पत्रा-पट्टी उघडली आणि एसएसडीची केबल सोडविली. बाह्य डिस्काही दूर ठेवल्या. याचे कारण असे की, पुढील आज्ञा चुकीच्या डिस्कला दिली गेली तर तिला माघार नाही. जी डिस्क पुसावयाची तेवढीच जोडलेली असणे हाच खरा बचाव.

मग विंडोज बसविण्याच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला. भाषा निवडण्याचा पडदा आला की Shift आणि F10 ही बटणे एकत्र दाबावीत. काळी खिडकी उघडते. तीत एकामागून एक पुढील ओळी द्यावयाच्या :

```
diskpart
list disk
select disk 0
detail disk
clean all
```

`list disk` नंतर ज्या डिस्का दिसतात त्यांत पेनड्राइव्हही असतो, म्हणून आकारावरून ओळख पटवावी. ५०० जीबीची डिस्क येथे सुमारे ४६५ जीबी दिसते आणि २४० जीबीची सुमारे २२३, कारण मोजण्याची रीत वेगळी आहे. 0 हा क्रमांक आमच्या यंत्रावरचा. आपल्याकडे तो वेगळा असू शकतो. `detail disk` ने डिस्कचे नाव दिसते, ते डिस्कवरच्या लेबलाशी ताडून पाहावे. आमच्या डिस्कचा तपशील पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. २०१८ मध्ये तंत्रज्ञाने जुन्या विंडोजची नक्कल एसएसडीवर केली होती, पण मूळ विभाग हार्ड डिस्कवर तसाच सोडला होता. म्हणजे २०१८ पर्यंतच्या साऱ्या फाइली, जतन केलेले पासवर्ड आणि ई-मेल यांची एक संपूर्ण जुनी प्रत सात वर्षे तेथे पडून होती आणि आम्हास तिचा पत्ताही नव्हता. ज्यांनी मध्यंतरी एसएसडी बसवून घेतली आहे त्यांनी हे अवश्य तपासावे.

`clean` आणि `clean all` यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नुसते `clean` विभागांची मांडणी पुसते आणि दोन-तीन सेकंदांत मोकळे होते. मजकूर तसाच राहतो. `clean all` प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते. ते चालू असताना पडद्यावर काहीही हालचाल दिसत नाही, ना टक्केवारी, ना वेळ. संगणक अडकला असे वाटून पुष्कळ जण मध्येच बंद करतात आणि अर्धी डिस्क तशीच राहते. आमच्या ५०० जीबीच्या डिस्कला एक तास पन्नास मिनिटे लागली, म्हणजे सेकंदाला सरासरी ७५ एमबी. हीच डिस्क यूएसबी २.० च्या जोडणीतून पुसली असती तर साडेचार तासांच्या आसपास लागले असते. आज्ञा देऊन आपण बाह्यरुग्णांकडे वळावे हे उत्तम. काम फारच लवकर संपले तर मात्र आनंद न मानता शंका घ्यावी. वीज जाण्याची भीती असेल तर यंत्र यूपीएसवर ठेवावे.

काम झाल्यावर खात्री करणे उरते. आम्ही ती डिस्क नव्या संगणकास जोडली आणि HxD या विनामूल्य सॉफ्टवेअरने, केवळ वाचण्याच्या पद्धतीत, तिचा आरंभ, मध्य आणि शेवट उघडून पाहिला. सर्वत्र 00 ची रांग होती. त्यानंतर डिस्कवर नवा विभाग पाडून, क्विक फॉरमॅट करून, Recuva चालविले. एकही फाइल सापडली नाही. ज्या अस्त्राने पूर्वी आमचे डोळे उघडले त्याचाच प्रयोग स्वतःच्या डिस्कवर करताना थोडी धाकधूक होती हे कबूल करतो.

या रीतीला एक मर्यादा आहे. डिस्कचा एखादा सेक्टर खराब होऊ लागला की डिस्क स्वतःच तो बाजूला काढते आणि त्याऐवजी राखीव सेक्टर वापरते. बाजूला पडलेल्या सेक्टरवर मग आपण लिहू शकत नाही. त्यातील मजकूर, थोडा का होईना, राहून जातो. CrystalDiskInfo मध्ये `Reallocated Sectors Count` या ओळीत अशा सेक्टरांची संख्या दिसते. आमच्या डिस्कवर ती शून्य होती. आमचे एक औषधविक्रेते स्नेही आहेत, त्यांच्या डिस्कवर मात्र ही ओळ पिवळी झालेली होती आणि `clean all` निम्म्यावर येऊन त्रुटी दाखवून थांबले. अशी डिस्क कोणाला देऊ नये, स्वतःही वापरू नये. ती फोडावी. लोहचुंबक फिरविणे किंवा हिरवी पट्टी, म्हणजे सर्किट, तोडणे यांनी काही साधत नाही, कारण मजकूर आतील तबकड्यांवर असतो आणि तुटलेले सर्किट बदलता येते. स्नेह्यांनी डिस्क लाकडी ठोकळ्यावर पक्की बसवून ड्रिल यंत्राने तबकड्यांच्या पट्ट्यात चार ठिकाणी आरपार भोके पाडून घेतली. लॅपटॉपच्या लहान डिस्कमधील तबकडी काचेची असू शकते, तिचे तुकडे उडतात. डोळ्यांवर चष्मा आणि हातमोजे यांवाचून हे काम करू नये.

एसएसडीची प्रकृती वेगळी

हार्ड डिस्कला जे लागू तेच एसएसडीला लागू, असे समजण्याची चूक सर्रास होते. एसएसडीमध्ये फिरती तबकडी नसते. तिच्यातील पेशी ठराविक वेळाच लिहून घेऊ शकतात, म्हणून आतला नियंत्रक लेखन सतत नव्या नव्या जागी वाटून देतो. आपण 'त्याच जागी' शून्य लिहिले असे आपणास वाटते. प्रत्यक्षात ते दुसऱ्याच पेशीत गेलेले असते. शिवाय बाहेरून न दिसणारी काही राखीव जागाही तिच्यात असते. त्यामुळे `clean all` येथे भरवशाचे नाही आणि एसएसडीचे आयुष्य त्याने उगाच खर्ची पडते.

यासाठी नियंत्रकालाच आज्ञा द्यावी लागते. तिला 'सिक्युअर इरेज' म्हणतात. बहुतेक नामवंत उत्पादक आपल्या एसएसडीसाठी विनामूल्य सॉफ्टवेअर देतात आणि त्यात ही सोय असते. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्येही ती असते. तीन अडचणी येतात. ज्या एसएसडीवरून विंडोज चालू आहे तीच पुसता येत नाही, म्हणून आम्ही ती नव्या संगणकात दुसरी डिस्क म्हणून जोडली. जोडणी थेट साटा केबलने केली, कारण यूएसबीच्या खोक्यातून ही आज्ञा पुष्कळदा पलीकडे पोचत नाही. तरीही सॉफ्टवेअरने डिस्क 'फ्रोझन' असल्याचे सांगितले. संगणक सुरू होताना बायोस सुरक्षिततेसाठी हे कुलूप लावतो. संगणक एकदा निद्रावस्थेत, म्हणजे 'स्लीप'मध्ये, नेऊन परत जागा केला आणि कुलूप निघाले. पुढचे काम दोन मिनिटांच्या आत झाले.

येथे पडताळणीस हार्ड डिस्कइतके मोल नाही हेही सांगितले पाहिजे. एसएसडी वाचताना 00 दिसले तरी त्याचा अर्थ पेशी कोऱ्या झाल्या असा होतोच असे नाही. अनुक्रमणिकेतून सुटलेल्या जागेबद्दलही ती शून्यच सांगते. सबब उत्पादकाच्या सॉफ्टवेअरने काम पूर्ण झाल्याचे दाखविले आहे की नाही, हाच मुख्य आधार. अनोळखी उत्पादकाची स्वस्त एसएसडी असेल, तिचे सॉफ्टवेअर मिळत नसेल, तर ती देऊच नये. काढून घेऊन चिकित्सालयातच वापरावी, आणि निकामी झाल्यावर आतील काळ्या चिपा एकेक करून फोडाव्यात. वरचे आवरण ठेचून भागत नाही.

ज्यांना पेटी उघडणे जमणार नाही त्यांच्यासाठी विंडोज १० व ११ मध्ये एक मधला मार्ग आहे. `Reset this PC` मध्ये `Remove everything` निवडावे आणि मग `Change settings` मध्ये जाऊन `Clean data` चालू करावे. हे चालू केले नाही तर सारा व्याप केवळ शमनाचा होतो. एकाहून अधिक डिस्का असतील तर सर्व डिस्कांवरील फाइली काढण्याचा पर्यायही तेथेच निवडावा लागतो. मूळचा तो बंद असतो आणि D तसाच राहून जातो. हार्ड डिस्क असलेल्या संगणकास हा मार्ग पुरेसा आहे. एसएसडीच्या राखीव जागेची हमी मात्र तो देत नाही.

काय ठेवावे, काय जाऊ द्यावे

जुन्या संगणकाचे सुटे भाग जपून ठेवण्याची हौस आम्हालाही होती. माळ्यावरील एक पेटी उघडल्यावर ती ओसरली. पुष्कळसे भाग पुढच्या पिढीच्या यंत्रात बसतच नाहीत. डीडीआर-३ रॅमची खाच डीडीआर-४ च्या खाचेशी जुळत नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि पंखा एकमेकांसाठीच असतात, त्यांस सुटे मोल नाही. विंडोजचा मूळ परवानाही बहुधा मदरबोर्डाबरोबरच जातो. एसएमपीएस दहा वर्षांचा झाला की त्यातील कपॅसिटर फुगू लागतात. तो नव्या यंत्रात घालून नवे यंत्र धोक्यात आणण्यात शहाणपण नाही, आणि तो उघडून पाहण्यात तर मुळीच नाही. वीज काढल्यावरही त्यात काही काळ भार राहतो.

आम्ही जे काढून ठेवले त्यात पहिला डीव्हीडी रायटर. रुग्ण आजही सीटी स्कॅन व एमआरआय यांच्या सीडी घेऊन येतात आणि नव्या संगणकात त्या घालण्यास जागाच नसते. जुना साटा रायटर नव्या डेस्कटॉपच्या पेटीत जागा असेल तर बसतो, नसेल तर स्वतंत्र वीज देणाऱ्या यूएसबी जोडणीवर चालतो. आमच्या गुढघ्याच्या व मणक्याच्या रुग्णांसाठी त्याचा दर आठवड्याला उपयोग होतो. त्याखेरीज साटा केबली आणि जाड वीजतारा ठेवल्या. त्या कोणत्याही पिढीस चालतात.

औषधविक्रेत्यांसाठी एक वेगळी सूचना. काउंटरवरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जर जुन्या रुंद, पंचवीस पिनांच्या पॅरलल केबलने जोडलेला असेल, तर संगणक देण्यापूर्वी नव्या यंत्रास तसा पोर्ट आहे का ते पाहावे. बहुधा नसतो. यूएसबी-पॅरलल केबल मिळते, पण जुनी बिलिंग सॉफ्टवेअरे थेट `LPT1` वर मजकूर पाठवितात आणि त्या केबलीवर ती अनेकदा अडतात. नव्या यंत्रावर प्रत्यक्ष बिल छापून पाहिल्यावाचून जुना संगणक हलवू नये. आमच्या त्याच स्नेह्यांनी तो आधी विकला आणि मग तसलाच दुसरा वापरलेला संगणक शोधीत फिरले.

जुनी हार्ड डिस्क बॅकअपसाठी ठेवावी काय, असे आम्हास दोन-तीन जणांनी विचारले. बारा वर्षे फिरलेल्या तबकडीवर रुग्णनोंदींची प्रत सोपविणे आम्हास पटत नाही. शिवाय साडेतीन इंची डिस्कला बाहेरून १२ व्होल्टची वेगळी वीज लागते. एसएसडी मात्र साध्या यूएसबी खोक्यात छान चालते आणि दुय्यम प्रतीसाठी उपयोगी पडते.

आमची एसएसडी आम्ही पुसून त्याच संगणकात परत बसविली. माळ्यावरच्या पेटीत ४ जीबी डीडीआर-३ रॅमची एक पट्टी निघाली, तीही घातली. पेटीचा तेवढाच एक उपयोग झाला. विंडोज १० ऐवजी त्यावर लिनक्स मिंट बसविले, ते ८ जीबी रॅमवर मोकळेपणाने चालते. शून्ये लिहिलेली हार्ड डिस्क व्याख्यानांचे व्हिडिओ साठविण्यास आतच ठेवली आणि तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नकोस असे मुलीस सांगितले. मायबोर्डावरील सीआर-२०३२ ही गोल बॅटरी नवी घातली, कारण जुनी संपत आल्यामुळे संगणकाची तारीख दर सकाळी मागे जात होती. स्नेह्यांची भोके पाडलेली डिस्क आणि आमच्या माळ्यावरील उरलेले भाग भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे दिले.

राहता राहिले ते ज्येष्ठ वैद्य. त्यांची छायाचित्रे आम्ही त्याच दिवशी वर सांगितलेल्या रीतीने नष्ट केली. त्यानंतर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आमच्याकडे आला तो त्यांचा दुसरा संगणक होता. पहिला त्यांनी २०१६ साली विकला होता, तोही 'सगळे डिलीट करून'. तो कोणाकडे गेला याचा शोध ते अद्याप घेत आहेत.